लागतीवर किती टक्के चढवायचे? जवसाच्या चटणीच्या एका पाकिटाचा हिशोब

वर्धा जिल्ह्यातला आमच्या भागातला एक बचत गट जवसाची चटणी करतो. दोनशे ग्रॅमचं पाकीट, भाव ५० रुपये, विक्री देवळी आणि सेलूकडच्या आठवडी बाजारांत. गटाचा हिशोब दर महिन्याला मी बघतो. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये अध्यक्ष काकूंनी वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "भाऊ, लागत वाढली. आता पाकीट छप्पन्नले विकाव लागते."

मी विचारलं, जवस महागलं का? नाही. मिरची? नाही. लसूण, पिशव्या, चक्कीचा दर, सगळं होतं तिथंच होतं. मग लागत वाढली कशी? त्यांनी उत्तर दिलं ते असं: विक्री तीनशेवरून दोनशेवर आली, म्हणून खोलीचं भाडं आणि मशीनचा हप्ता आता थोड्या पाकिटांवर बसतो. वहीतला हिशोब अगदी बरोबर होता. त्यातून निघालेला भाव मात्र चुकीचा होता. तो का चुकला आणि बरोबर भाव कसा काढायचा, हे ज्यांनी नुकताच धंदा सुरू केला आहे त्यांच्यासाठी पायरीपायरीने लिहितो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी गोल केले आहेत. तुमच्या मालाचे आकडे वेगळे असतील, रीत तीच राहील.

आधी खर्चाचे दोन ढीग करा

वहीचं कोरं पान घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे तेच खर्च लिहा जे एक पाकीट जास्त केलं की वाढतात आणि एक कमी केलं की वाचतात. चटणीच्या पाकिटाचं आमचं डावं पान असं आहे: जवस १४ रुपये, मिरची-लसूण-जिरं-मीठ मिळून ६, पिशवी आणि लेबल ४, भाजायचा गॅस आणि दळण २, आणि करणाऱ्या-भरणाऱ्या बाईची मजुरी पाकिटामागे ४. बेरीज ३० रुपये.

उजवीकडे ते खर्च, जे पाकिटं शंभर झाली काय आणि चारशे झाली काय, तेवढेच राहतात. खोलीचं भाडं, मशीनचा हप्ता, विजेचा स्थिर आकार, बाजारातल्या जागेची पावती. हे सगळं मिळून महिन्याला ३,००० रुपये.

डाव्या बाजूच्या ३० रुपयांना अर्थशास्त्राच्या पुस्तकात सीमांत खर्च म्हणतात, म्हणजे आणखी एक नग करायला लागणारा वाढीव खर्च. आपल्यासारख्या लहान धंद्यात तो बहुधा सपाट असतो. शंभरावं पाकीट असो की तीनशेवं, तेवढंच जवस लागतं. म्हणून दर नगाचा सरासरी बदलता खर्च आणि सीमांत खर्च एकच धरला तर चालतं. ही सपाटी मोडते तेव्हा काय करायचं, ते पुढे सांगतो.

डावं पान लिहिताना दोन जागी हमखास घोळ होतो. पहिली जागा घरच्या मालाची. जवस आपल्याच वावरातलं आहे म्हणून त्यापुढे शून्य लिहायचं नाही. ते जवस बाजार समितीत नेलं असतं तर आज जो भाव मिळाला असता, तो त्याचा खर्च. फेब्रुवारी-मार्चमध्ये जवस निघतं तेव्हा स्वस्तात भरून ठेवलं असेल तरी हाच नियम. संपल्यावर ते आजच्याच भावानं परत घ्यावं लागणार आहे, म्हणून आजचाच भाव लिहायचा.

दुसरी जागा स्वतःच्या मेहनतीची. ज्या बाईला पाकिटामागे चार रुपये मिळतात, तिला त्या वेळात दुसरं काय मिळालं असतं? पावसाळ्याच्या मधल्या रिकाम्या दिवसांत फारसं काही नाही. पण दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की किलोमागे रोख मजुरी मिळते आणि चार रुपयांत चटणी भरायला कोणी बसत नाही. गटाला तेव्हा सात रुपये द्यावे लागतात. म्हणजे वेचणीच्या दिवसांत डावं पान ३३ रुपयांचं होतं. हा खर्च खरा आहे आणि तो त्या महिन्यात लिहिलाच पाहिजे.

काकूंचा नियम काय होता

गटाची रीत बहुतेक दुकानदारांची असते तीच होती. महिन्याचे ३,००० रुपये ३०० पाकिटांवर वाटले की पाकिटामागे १० येतात. डावे ३० आणि हे १० मिळून पूर्ण लागत ४०. त्यावर २५ टक्के चढवले की १०. भाव ५० रुपये.

ही रीत अडाण्याची आहे असं समजू नका. १९३९ साली ऑक्सफर्डचे हॉल आणि हिच या दोन अर्थतज्ज्ञांनी ३८ उद्योजकांना भाव कसा ठरवता असं विचारलं होतं. सीमांत खर्च आणि सीमांत प्राप्ती, म्हणजे आणखी एक नग विकून हातात येणारे वाढीव पैसे, यांची बरोबरी साधतो, असं सांगणारे त्यांना भेटले नाहीत म्हटलं तरी चालेल. बहुतेकांनी सांगितलं ते काकूंसारखंच: पूर्ण लागत काढतो आणि तिच्यावर ठरलेला टक्का चढवतो. पुस्तकातला नियम एक सांगतो आणि बाजारातला माणूस दुसरंच करतो, मग बरोबर कोण, यावर तेव्हापासून बरंच लिहिलं गेलं. माझ्या अनुभवात दोन्ही बरोबर असू शकतात, पण काही अटींवर. त्या अटी काकूंच्या पाकिटावरच तपासून बघता येतात.

गिऱ्हाईक किती हलतं ते मोजा

लागतीच्या वहीत अर्धीच गोष्ट असते. उरलेली अर्धी गिऱ्हाइकाकडे असते: भाव पाच रुपयांनी हलवला तर किती पाकिटं कमी-जास्त जातात? हे डोक्यानं ठरवता येत नाही, मोजावंच लागतं.

आम्ही ते बारा आठवडे मोजलं. एक आठवडा ५०, पुढचा ४५, त्याच्या पुढचा ५५, मग पुन्हा ५०. प्रत्येक भावाच्या वाट्याला चार आठवडे आले. सलग चार आठवडे एकच भाव ठेवला नाही, कारण मग पोळा, लग्नसराई, कापसाचा पैसा हातात येणं, असल्या गोष्टींचा परिणाम भावाच्या नावावर चढतो. आळीपाळीनं बदललं की बरे-वाईट आठवडे तिन्ही भावांत वाटले जातात. पाकिटावर ५५ ही कमाल किंमत छापली आणि इतर आठवड्यांत त्याहून कमी घेतले. छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, कमी घेता येतात. आणि दर बाजाराला संध्याकाळी उरलेली पाकिटं मोजून वहीत लिहिली. तीन वाजताच माल संपला असेल तर तसा शेरा मारला, कारण तेव्हा विक्रीचा आकडा खऱ्या मागणीपेक्षा कमी दिसतो.

चार-चार आठवड्यांची बेरीज अशी आली. ५५ रुपयांना २३६ पाकिटं, ५० रुपयांना ३००, ४५ रुपयांना ३९०.

आता ५० वरून ४५ वर आलो तेव्हा काय घडलं ते हळूहळू बघा. नवी ९० पाकिटं गेली, त्यांचे ४५ प्रमाणे ४,०५० रुपये आले. पण जी ३०० पाकिटं ५० ला जातच होती, त्यांच्यावर पाच-पाच रुपये सोडले, म्हणजे १,५०० गेले. हातात वाढीव आले २,५५०. ते ९० पाकिटांवर वाटले तर एका वाढीव पाकिटामागे २८ रुपये ३३ पैसे. यालाच सीमांत प्राप्ती म्हणतात. पाकीट ४५ ला विकलं तरी ते गटाला मिळवून देतं २८ च, कारण ते विकण्यासाठी बाकी सगळ्यांना सूट द्यावी लागली. आणि ते पाकीट करायला खर्च ३०. म्हणजे प्रत्येक वाढीव पाकिटावर पावणेदोन रुपये घरातले गेले.

आता ५५ वरून ५० वर या. नवी ६४ पाकिटं ५० प्रमाणे ३,२००. जुन्या २३६ वर पाच-पाच सोडले, ते १,१८०. निव्वळ वाढ २,०२०, म्हणजे वाढीव पाकिटामागे ३१ रुपये ५६ पैसे. खर्च ३०. इथं उतरणं फायद्याचं होतं.

तर ५५ वरून ५० वर यावं आणि तिथून खाली जाऊ नये. सीमांत प्राप्ती ३० च्या वरून ३० च्या खाली जाते ती ५० रुपयांच्या आसपास. सीमांत प्राप्ती बरोबर सीमांत खर्च, हा पुस्तकातला नियम एवढंच सांगतो. काकूंच्या ठोकताळ्यानंही ५० च दिले होते. दोन वेगळ्या वाटा एकाच ठिकाणी पोहोचल्या.

दोन वाटा का जुळल्या

मोजणीतून एक आकडा काढता येतो. भाव ५० वरून ४५ झाला, म्हणजे मधला भाव ४७.५० धरला तर साडेदहा टक्के उतरला. विक्री ३०० वरून ३९० झाली, मधली ३४५ धरली तर २६ टक्के चढली. २६ ला साडेदहाने भागलं की जवळजवळ २.५. भाव एक टक्का हलला की विक्री अडीच टक्के हलते. ही मागणीची लवचिकता. सुरुवातीच्या किंवा शेवटच्या भावावर टक्के न काढता मधल्यावर काढायचे, नाहीतर चढताना एक उत्तर येतं आणि उतरताना दुसरं.

लवचिकता हाती आली की सीमांत प्राप्तीचा नियम एका ओळीत मावतो:

```
भाव = सीमांत खर्च × लवचिकता ÷ (लवचिकता − १)
```

आमच्या पाकिटाला ३० गुणिले २.५ भागिले १.५, उत्तर ५०. म्हणजे सीमांत खर्चावर चढवायचा टक्का १०० भागिले (लवचिकता उणे १) इतका असतो, आणि तो इथं ६७ टक्के येतो. पुस्तकातला नियमसुद्धा शेवटी लागतीवर टक्का चढवण्याचाच नियम आहे. फक्त तो टक्का डाव्या पानावर चढतो, आणि किती चढवायचा ते गिऱ्हाईक ठरवतं.

काकू ४० वर २५ टक्के चढवत होत्या. पुस्तक ३० वर ६७ टक्के चढवतं. दोन्हींचं उत्तर ५०, पण ते फक्त तेव्हाच, जेव्हा महिन्याला ३०० पाकिटं जातात. ३०० पाकिटांवर वाटलेले दहा रुपये आणि त्यावरचा २५ टक्के, हे दोन मिळून योगायोगानं ६७ टक्क्यांचं काम करत होते. हा निव्वळ नशिबाचा खेळ होता असं मात्र मी म्हणणार नाही. गटानं सुरुवातीच्या वर्षी ६० लावून पाहिले होते, माल उरला. ४० लावले तर मेहनत परवडेना. असं ठेचकाळत त्या २५ टक्क्यांवर स्थिरावल्या होत्या. वर्षानुवर्षं टिकलेला टक्का बहुधा असाच गिऱ्हाइकाकडून शिकलेला असतो. लवचिकता त्याच्यात मुरलेली असते, कोणी तिचं नाव घेतलेलं नसतं एवढंच.

इथं एक घोटाळा टाळा. ठोक व्यापारी "चाळीस टक्के सुटतात" म्हणतो तेव्हा तो बहुधा विक्रीच्या भावातले चाळीस टक्के म्हणत असतो. आमच्या पाकिटात ५० पैकी २० सुटतात, म्हणजे विक्रीवर ४० टक्के आणि खर्चावर ६७ टक्के. एकाच २० रुपयांची ही दोन नावं. अर्थतज्ज्ञ अब्बा लर्नर यांनी १९३४ मध्ये दाखवलं की विक्रीवरचा हा हिस्सा एक भागिले लवचिकता इतका असतो. एक भागिले अडीच म्हणजे चाळीस टक्केच. समोरचा कशावर टक्का सांगतोय हे विचारल्याशिवाय आपला टक्का त्याच्याशी लावून बघू नका.

ऑगस्टमध्ये वाट कुठं फुटली

आता काकूंच्या छप्पन्न रुपयांकडे परत येऊ. जुलै-ऑगस्टमध्ये लोकांचा पैसा बी-खत-फवारणीत अडकलेला असतो, बाजाराला माणूस कमी येतो. ५० रुपयांना ३०० ऐवजी २०० पाकिटं जायला लागली. ३,००० रुपये २०० वर वाटले की १५ येतात, पूर्ण लागत ४५, त्यावर २५ टक्के, भाव ५६.

पण डावं पान ३० वरच होतं. आलेलं गिऱ्हाईक भावाला पूर्वीइतकंच हलत असेल, तर योग्य भावही ५० च राहतो. गिऱ्हाईक कमी झालं म्हणून उरलेलं गिऱ्हाईक जास्त पैसे द्यायला तयार होत नाही.

छप्पन्नचा रस्ता पुढे कुठं जातो ते मी काकूंना वहीवर काढून दाखवलं. ५० ला २०० पाकिटं, दर पाकिटाला २० सुटले, ४,००० झाले, त्यातून ३,००० वजा जाता हातात १,०००. भाव ५६ केला तर अडीचच्या लवचिकतेनं विक्री १५१ वर येते, हातात उरतात साधारण ९२५. आता ३,००० रुपये १५१ वर वाटले की पाकिटामागे २० येतात, लागत ५०, त्यावर २५ टक्के म्हणजे ६२ रुपये. त्या भावाला जेमतेम ११७ पाकिटं जातात, हातात ७४४. पुन्हा लागत काढली की ती पुन्हा वाढलेली. पुढचा भाव ७० च्या घरात. प्रत्येक पायरीवर वही म्हणते लागत वाढली, आणि प्रत्येक पायरीवर पैसे कमी होतात.

काकू थोडा वेळ आकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे भाडं भावात धराचंच नाई?"

भाव ठरवताना नाही. भाडं भरायचं आहेच, पण ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतं: धंदा चालू ठेवायचा की नाही. योग्य भावाला विकून जे सुटतं, त्यातून वर्षभराचं भाडं आणि हप्ता निघतो का ते बघा. निघत नसेल तर खोली बदला, मशीन भाड्यानं लावा, नाहीतर दुसरा माल धरा. भाव चढवून ते भाडं गिऱ्हाइकाच्या खिशातून काढता येत नाही. गिऱ्हाइकाला तुमचं भाडं ठाऊक नसतं.

म्हणून तुमचा नियम पूर्ण लागतीवर असेल आणि तो सोडायचा नसेल, तर निदान एवढं करा: भाडं वाटण्यासाठी पाकिटांचा आकडा वर्षाचा सर्वसाधारण एकच धरा आणि तो महिन्याच्या विक्रीप्रमाणे हलवू नका. आमच्याकडे तो ३०० धरला आहे. मग नियम पुन्हा सरळ होतो, कारण भाव फक्त डावं पान हललं की हलतो.

डावं पान हललं तर टक्का तोच ठेवावा का

पुढच्या वर्षी जवस आणि मिरची दोन्ही महागले. डावं पान ३० वरून ३६ वर गेलं. ६७ टक्के तसेच ठेवले तर भाव ६० येतो. खर्च सहाने वाढला आणि भाव दहाने. काकूंना ते पटेना, आणि त्यांची शंका योग्य होती.

टक्का तोच ठेवणं तेव्हाच बरोबर, जेव्हा लवचिकता प्रत्येक भावाला तेवढीच राहते. बऱ्याच मालात ती तशी राहत नाही. भाव चढत गेला की लोक जास्त बिचकतात, काही जणी घरीच जवस भाजून चटणी कुटतात. समजा मागणी सरळ रेषेत उतरते, दर रुपयामागे १५ पाकिटं कमी. तर ४५ ला ३७५, ५० ला ३००, ५५ ला २२५ जातील. आमच्या मोजणीत ३९०, ३०० आणि २३६ आले होते. आठवडी बाजारात पाऊस, लग्नं, एसटीचा संप यांनी याहून जास्त फरक पडतो. म्हणजे मोजलेल्या तीन भावांवरून दोन्हींतलं खरं कोणतं, ते खात्रीनं सांगता येत नाही.

पण ६० रुपयांवर दोन्ही फार वेगळे पडतात. लवचिकता तीच राहिली तर ६० ला १९० पाकिटं जातील आणि २४ प्रमाणे साडेचार हजारांवर सुटतील. मागणी सरळ रेषेत असेल तर १५० च जातील आणि सुटतील ३,६००. त्या दुसऱ्या स्थितीत योग्य भाव निघतो ५३, म्हणजे ३६ वर ४७ टक्के.

आम्ही ५५ लावले. पहिली कल्पना खरी असेल तर ५५ ला ४,४८४ सुटतात, उत्तमपेक्षा ७६ रुपये कमी. दुसरी खरी असेल तर ४,२७५, तिथं उत्तमपेक्षा ६० कमी. दोन्हीकडे नुकसान किरकोळ. नव्या माणसाला माझा सल्ला हाच: जो भाव कधी लावून पाहिला नाही तिथं टक्क्याच्या भरवशावर उडी मारू नका, अर्ध्यावर जा आणि चार आठवडे मोजा.

हा सपाटपणा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. डावं पान ३० असताना ४५, ५० आणि ५५ ला सुटलेले पैसे अनुक्रमे ५,८५०, ६,००० आणि ५,९०० होते. योग्य भावापासून दहा टक्के इकडेतिकडे गेलं तरी फरक दीडशे रुपयांचा. ठोकताळा इतकी वर्षं टिकून आहे त्याचं मोठं कारण हेच. थोडी चूक तो पोटात घेतो. तो मोडतो ते ऑगस्टसारख्या ठिकाणी, जिथं एकाच दिशेनं चूक चुकीवर चढत जाते.

नियम कुठं लावूच नये

हाच गट मिनी डाळ मिलवर तूर भरडूनही विकतो. तिथं सुरुवातीला त्यांनी चटणीचाच टक्का लावला आणि डाळ तशीच परत घरी आणली. बाजारात त्याच रांगेत डाळीची सात-आठ दुकानं असतात, डाळ सगळ्यांची सारखीच दिसते, दोन रुपयांनी महाग म्हटलं की बाई पुढच्या पालावर जाते. तिथं लवचिकता फार मोठी असते. ती ११ असेल तर टक्का फक्त १० येतो. याहून मोठी असेल तर टक्का शून्याच्या जवळ जातो आणि भाव तुमच्या हातातच राहत नाही. मग प्रश्न बदलतो: चालू भावात आपलं डावं पान बसतं का, आणि किती क्विंटलपर्यंत बसतं. ते बसत नसेल तर टक्का बदलून उपयोग नाही. तूर आख्खीच विकावी.

उलट बाजूही आहे. मोजणीत लवचिकता एकपेक्षा कमी आली तर वरचं सूत्र उणे किंवा वेडंवाकडं उत्तर देतं. त्यात सूत्राचा दोष नसतो. त्याचा अर्थ तुमचा भाव फार खाली आहे. भाव चढवल्यावर पाकिटं थोडीच कमी होतात, पैसे जास्त येतात आणि खर्चही वाचतो. तेव्हा भाव पायरीपायरीनं चढवा आणि लवचिकता एकच्या बरीच वर जाईपर्यंत मोजत राहा.

ठोक मागणी आली तर

मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी नागपूरच्या एका दुकानानं शंभर पाकिटं मागितली, भाव ३८. तेव्हा डावं पान ३० होतं. पूर्ण लागत ४० म्हणून गटातल्या दोघींनी लगेच नाही म्हटलं. डाव्या पानानं बघितलं तर पाकिटामागे ८, शंभरामागे ८०० रुपये, भाडं आणि हप्ता वाढणार नाही. घ्यायला हरकत नव्हती, पण दोन गोष्टी आधी तपासाव्या लागल्या.

एक, ही पाकिटं आपल्याच बाजारात परत येऊन ५० च्या पाकिटाशी भांडणार नाहीत ना? नागपूर लांब होतं, आणि दुकानाचं गिऱ्हाईक वेगळं होतं. दुसरी, ही शंभर करायला हात मोकळे आहेत का? महिन्याला साडेचारशे पाकिटं होऊ शकत होती आणि तीनशेच जात होती, म्हणून मोकळे होते. पण तीच मागणी वेचणीच्या ऐन भरात आली असती, तर हात मोकळे नसते. नागपूरचं एक पाकीट म्हणजे देवळीच्या बाजारातलं एक पाकीट गेलं, वेचणीत डावं पान ३३, म्हणून त्याचे सुटणारे १७ रुपये गेले. तेव्हा नागपूरच्या पाकिटाचा सीमांत खर्च ३३ राहत नाही, ५० होतो. सपाट खर्च मोडतो तो असा, भांडं भरलं की. दुकानदाराला आम्ही सांगितलं, वेचणी सुरू होण्याआधी ३८ नं देतो, नंतर त्या भावात जमणार नाही. त्यानं साठ पाकिटं लगेच उचलली.